ग्रुपचं कोटेशन: दर, मुदत, आणि काय धरलंय काय नाही

प्रश्न: "माझा सहलींचा छोटा व्यवसाय आहे. पुण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाने साधारण चाळीस जणांच्या मालवण-गणपतीपुळे सहलीचं कोटेशन मागितलंय. मागच्या ग्रुपने दीड महिन्याने होकार कळवला आणि जुन्याच दरावर अडून बसले. शिवाय बोटीचे आणि माशांच्या जेवणाचे पैसे कोणी द्यायचे यावरून शेवटच्या दिवशी वाद झाला. कोटेशन कसं लिहू म्हणजे असं होणार नाही?"

तुमचे दोन्ही वाद एकाच ठिकाणी सुरू झालेत. तुम्ही समोरच्याला एक आकडा दिलात. तो आकडा किती माणसांसाठी, कुठल्या तारखांसाठी, कधीपर्यंत आणि कशाकशाचा, हे तुमच्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. ग्रुपमध्ये तुमचं कोटेशन जो वाचतो तो पैसे भरत नाही आणि जो पैसे भरतो तो कोटेशन वाचत नाही. सेक्रेटरी फोनवर तुमच्याशी बोलतात, मग संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितात, "माणशी दहा हजार, सगळं धरून." तिथून पुढे चाळीस जणांच्या लेखी तोच तुमचा शब्द.

किती तपशिलात लिहायचं हे ग्राहकावर अवलंबून आहे. दरवर्षी तुमच्याचकडे येणारी दहा मित्रांची टोळी असेल तर एका मेसेजवर काम भागतं. संघ, मंडळ, सोसायटी, बँकेचे निवृत्त कर्मचारी असे ग्रुप असले की मध्ये समिती असते, खजिनदार असतो आणि "मी तर हे ऐकलंच नव्हतं" म्हणणारे दोन-चार सभासद असतात. अशा ठिकाणी तुम्ही समोर नसतानाही जो कागद कोणालाही नीट वाचता येईल, तेच कोटेशन. संघाला असंच द्या.

लिहायला बसण्याआधी हिशोब दोन भागांत मांडा, कारण कोटेशनमधली अर्धी वाक्यं त्या हिशोबातूनच येतात. एक खर्च माणसं कितीही असोत, तेवढाच राहतो आणि दुसरा डोक्यागणिक वाढतो. तुमचाच दौरा घेऊ: चार दिवस, तीन रात्री, दोन मालवणला आणि एक गणपतीपुळ्याला. आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुमच्या हॉटेलवाल्याचे आणि बसवाल्याचे आकडे त्या जागी घाला. 45 सीटची पुशबॅक बस 88,000 रुपये. टोल, पार्किंग, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता मिळून 10,000. टूर मॅनेजरचं मानधन आणि त्याचं राहणं-खाणं 12,000. हा झाला 1,10,000 चा ठरावीक खर्च. आता माणशी खर्च. दोघांच्या खोलीचे रात्री 2,400, म्हणजे तीन रात्रींचे माणशी 3,600. चार दिवसांचं खाणं-पिणं 2,300. सिंधुदुर्ग किल्ल्याची बोट आणि बाकीची प्रवेशशुल्कं 200. एकूण 6,100. हॉटेल आणि बसवाल्याने लावलेला कर या आकड्यांतच धरलाय.

आता 40 जणांना बसवा. ठरावीक खर्चाचा वाटा माणशी 2,750 येतो. 30 जणच आले तर तो 3,667 होतो. म्हणजे नुसती डोकी घटल्याने माणशी नऊशे रुपयांहून जास्त फरक पडला. हॉटेलने रुपयाही वाढवलेला नाही आणि डिझेलही तेवढंच जळणार आहे. म्हणून ग्रुपला एकच दर कधी देऊ नये. टप्पे द्यावेत, आणि प्रत्येक टप्प्याचा दर त्या टप्प्यातल्या सर्वांत कमी संख्येवर काढावा. 35 ते 39 चा दर 35 वर काढायचा, मधल्या 37 वर नाही. मधल्या आकड्यावर काढला की टप्प्याच्या खालच्या टोकाला तुमच्या खिशातून जातं.

वरच्या टोकाचीही एक गंमत आहे. बस 45 ची. त्यात एक सीट टूर मॅनेजरची. संघ बहुतेक वेळा सेक्रेटरींना मोफत न्या म्हणतो, म्हणजे दुसरी सीटही गेली. पैसे भरणारे जास्तीत जास्त 43. तेव्हा टप्पा "40 ते 43" असा लिहायचा, "40 आणि पुढे" असा नाही. नाहीतर 46 नावं येतात आणि तीन जणांसाठी वेगळी गाडी कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न उभा राहतो.

मोफत माणसाचा खर्चही कुठेतरी बसवावा लागतो. त्याच्यासाठी बस वेगळी लागत नाही, पण खोली, जेवण, बोट लागतेच. 40 पैसे भरणारे आणि एक मोफत असा हिशोब केला तर एकूण 3,60,100 येतात, माणशी साधारण 9,003. मोफत कोणी नसता तर 8,850. म्हणजे सेक्रेटरींची सहल बाकीच्यांना माणशी दीडशेला पडते. त्यात वाईट काही नाही, मात्र ही सवलत फक्त वरच्या टप्प्यालाच आहे हे लिहा आणि "40 पैसे भरणाऱ्यांमागे 1" असंच लिहा. नुसतं "40 मागे 1 मोफत" लिहिलं की ते 39 जणांचे पैसे देतात आणि चाळीसावे सेक्रेटरी म्हणतात.

यावर 12 टक्के नफा धरला आणि आकडा वरच्या शंभरात नेला तर करापूर्वीचे दर असे येतात: 40 ते 43 साठी 10,100, 35 ते 39 साठी 10,400, 30 ते 34 साठी 11,000. त्यावर 5 टक्के जीएसटी लावून 10,605, 10,920 आणि 11,550. पाच टक्क्यांचा हा दर टूर ऑपरेटरला मिळतो तो काही अटींवर. त्यातली एक अशी: सहलीसाठी लागणारं राहणं आणि प्रवास या रकमेत धरलेला आहे असं बिलावर लिहिलेलं असायला हवं. तेच वाक्य कोटेशनमध्येही टाकावं म्हणजे दोन्ही कागद जुळतात. करावर कर का, असं कोणी विचारलं तर तुमच्या सीएकडून इनपुट क्रेडिटचं नीट समजून घेऊन उत्तर द्या. अंदाजाने देऊ नका.

एकच दर दिला असता तर काय झालं असतं तेही पाहा. 10,100 हा 40 जणांचा दर आहे. त्यात तुम्हाला 43,900 उरतात. हाच दर सगळ्यांना सरसकट सांगितला आणि प्रत्यक्षात 32 जण आले, सेक्रेटरी मोफत ते मोफतच, तर उरतात 11,900. 28 आले तर 4,100 रुपये पदरचे घालून तुम्ही कोकण दाखवता. म्हणून 30 च्या खाली दर लिहूच नका. "30 पेक्षा कमी संख्या झाल्यास लहान गाडी धरून नवीन कोटेशन दिलं जाईल" एवढंच लिहा.

टप्प्यांच्या सीमेवर एक खोच आहे, ती आधीच सांगून टाका. 39 जणांचे करापूर्वी 4,05,600 होतात आणि 40 जणांचे 4,04,000. म्हणजे एक माणूस वाढला की संघाचं एकूण बिल कमी होतं. खजिनदाराच्या हे लक्षात येतंच. उलट बाजूने, शेवटच्या आठवड्यात चाळिसावा माणूस आजारी पडला की उरलेल्या 39 जणांना प्रत्येकी 315 रुपये जास्त भरावे लागतात आणि तिथेच भांडण होतं. त्यासाठी अंतिम संख्येची एक तारीख हवी. त्या तारखेला जी संख्या असेल तिचाच टप्पा कायम. नंतर कोणी गळलं तर टप्पा बदलत नाही, गळलेल्याला रद्दीकरणाचे नियम लागू होतात.

आता मुदतीकडे येऊ. तुमच्या पहिल्या वादाचं मूळ तिथे आहे.

भारतीय करार कायदा, 1872 मधलं कलम 6 म्हणतं की प्रस्तावात स्वीकाराची मुदत दिली असेल तर ती संपल्यावर प्रस्ताव संपतो, आणि दिली नसेल तर 'वाजवी' काळ गेल्यावर. तुम्ही मुदत लिहिली नव्हती. मग दीड महिना वाजवी की अवाजवी, यावर तुम्ही आणि संघ दोघंही तासभर बोलू शकता आणि दोघांकडेही मुद्दे असतात. तारीख लिहिली की ती चर्चाच उरत नाही.

पण तारीख कुठली लिहायची? पुष्कळ जण सवयीने "15 दिवस वैध" लिहितात. हे पंधरा दिवस कुठून आले, याला उत्तर नसतं. तुमची मुदत तुमच्या पुरवठादारांच्या मुदतीवरून निघते. समजा तुम्ही 18 ते 21 जानेवारी 2027 ही सहल धरलीत, सोमवार ते गुरुवार. निवृत्त मंडळींना शनिवार-रविवारचं बंधन नसतं आणि कोकणात आठवड्याच्या मधल्या रात्री स्वस्त पडतात, म्हणून ही निवड चांगली. कोटेशन तुम्ही 16 नोव्हेंबर 2026 ला देताय. मालवणच्या हॉटेलने खोल्या 30 नोव्हेंबरपर्यंत धरून ठेवल्यात, गणपतीपुळ्याच्या हॉटेलने 27 पर्यंत, बसवाल्याने दर 5 डिसेंबरपर्यंत दिलाय. यातली सगळ्यात आधीची तारीख 27. तिच्या दोन दिवस आधी तुमची मुदत संपायला हवी, कारण संघाचे पैसे आल्यावर हॉटेलला आगाऊ रक्कम पाठवून खोल्या पक्क्या करायला तुम्हालाही वेळ लागतो. म्हणजे 25 नोव्हेंबर.

ही तारीख पक्की करण्याआधी सेक्रेटरींना एक फोन करा आणि कार्यकारिणीची बैठक कधी आहे ते विचारा. 22 नोव्हेंबरला रविवारी बैठक असेल तर 25 तारीख जमते: रविवारी ठराव, सोमवारी-मंगळवारी चेकवर दोन सह्या, बुधवारी पैसे. संघांच्या चेकवर बहुधा दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात आणि त्यातला एक नेहमी मुलाकडे नाशिकला गेलेला असतो, हेही हिशोबात धरा. बैठकच 29 ला असेल तर 25 ची मुदत लिहून उपयोग नाही. तेव्हा गणपतीपुळ्याच्या हॉटेलकडून आधी मुदत वाढवून घ्या आणि मगच कोटेशन पाठवा. समोरच्याला पाळताच येणार नाही अशी मुदत लिहिली की पहिल्याच दिवसापासून ती नावापुरती उरते.

"आजपासून सात दिवस" असं लिहू नये. कोटेशन फॉरवर्ड होतं, वाचणाऱ्याचा 'आज' वेगळा असतो. तारीख, महिना, वर्ष आणि वेळ लिहा: 25 नोव्हेंबर 2026, संध्याकाळी 6 वाजेपर्यंत. वेळ लिहिली नाही तर रात्री पावणेबाराला मेसेज येतो.

मग होकार कशाला म्हणायचं तेही ठरवा. अंगठ्याच्या इमोजीला म्हणू नका. मी लिहितो की सहीचं कोटेशन आणि आगाऊ रक्कम, दोन्ही मुदतीच्या आत पोचली तरच बुकिंग पक्कं. चेक दिला असेल तर तो वटल्यावर. आगाऊ रक्कम माणशी न ठेवता एकठोक ठेवा, या सहलीला एक लाख, कारण त्या दिवशी संख्या अजून हलती असते आणि हॉटेलला, बसवाल्याला द्यायची रक्कम मात्र पक्की असते. याच कायद्याचं कलम 7 म्हणतं की स्वीकार बिनशर्त आणि पूर्ण हवा. म्हणजे "आम्हाला मान्य आहे, फक्त बस एसी करा" हा स्वीकार झाला नाही, ती नवी मागणी झाली, आणि जुन्या दराने तुम्ही बांधले गेला नाहीत. पण हे तेव्हा समजावत बसण्यापेक्षा "बदलासह होकार आल्यास सुधारित कोटेशन दिलं जाईल" हे वाक्य आधीच टाकलेलं बरं.

दर टिकणं आणि जागा टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "दर 25 पर्यंत वैध" असं लिहिलं की ग्राहक समजतो, खोल्याही तोपर्यंत आपल्याच. तुम्ही खरंच खोल्या रोखून ठेवल्या असतील तर तसं लिहा. रोखलेल्या नसतील तर "दर 25 तारखेपर्यंत कायम, खोल्या बुकिंगच्या वेळी शिल्लक असल्यास" असं लिहा. तिसरी तारीख सहलीची स्वतःची. हा दर 18 ते 21 जानेवारी याच प्रवासासाठी आहे, हे लिहिलं नाही तर कोणीतरी म्हणतं, "जरा पुढे ढकलून 23 ते 26 करू, मुलांनाही सुट्टी आहे." प्रजासत्ताक दिनाला जोडून शनिवार-रविवार आला की किनाऱ्यावरचे दर वेगळे असतात. नाताळ ते नववर्ष तर विचारूच नका.

समाविष्ट आणि वगळलेल्या गोष्टी लिहिताना माझी एक साधी पद्धत आहे. समाविष्टची प्रत्येक ओळ लिहिली की स्वतःला विचारायचं, ही ओळ वाचून एखादा आशावादी माणूस यात आणखी काय धरेल? त्याने जे धरलं असतं ते लगेच वगळलेल्यात लिहायचं. म्हणजे दोन्ही याद्या वेगवेगळ्या, पण ओळीला ओळ लागून.

बोटीचं घ्या. "बोटिंग समाविष्ट" हे मालवणसाठी फार धोक्याचं वाक्य आहे. मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणारी बोट एक. तारकर्लीला कर्ली नदीच्या खाडीत फिरवणारी बोट दुसरी. देवबागला डॉल्फिन आणि सुनामी बेटाची फेरी तिसरी. स्नॉर्कलिंग आणि स्कूबाला नेणारी चौथी. तुम्ही पहिलीचे पैसे धरलेत आणि चाळीस जणांनी चारही धरल्यात. तुमचा वाद इथेच झाला असणार. म्हणून लिहायचं असं: "मालवण जेटी ते सिंधुदुर्ग किल्ला, जाऊन-येऊन बोट." आणि वगळलेल्यात: "याखेरीज इतर कोणतीही बोटफेरी, डॉल्फिन, सुनामी बेट, वॉटर स्पोर्ट्स." वाऱ्यामुळे किंवा लाटांमुळे बोट सोडली नाही तर काय, याचीही ओळ हवी. बोटीचं शुल्क परत आणि त्या वेळात दुसरं ठिकाण, एवढं पुरतं. आणि हो, पावसाळ्यात किल्ल्याची बोटसेवा बंदच असते, तेव्हा जानेवारीचं कोटेशन जूनच्या ग्रुपला कॉपी करून पाठवू नका.

जेवणाचंही तसंच. "सर्व जेवण समाविष्ट" म्हणजे नक्की किती वेळा? पहिल्या दिवशी पुण्याहून पहाटे निघता, नाश्ता वाटेत. शेवटच्या दिवशी रात्रीचं जेवण घरी. म्हणजे नाश्ते 4, दुपारची जेवणं 4, रात्रीची 3. आकडे लिहा. मग ताटात काय? मालवणात उतरलेला माणूस भाजी-चपातीवर खूश नसतो, त्याला सुरमई हवी असते, आणि मासळीचा भाव रोज बाजारात ठरतो. मी दरात शाकाहारी थाळी धरतो आणि लिहितो की मासळी किंवा मटण-चिकन थाळी घेतल्यास फरकाची रक्कम ज्याची त्याने हॉटेलला तिथेच द्यायची. काही जण उलट करतात: एका रात्री मासळी थाळी दरात धरतात. तेही चालतं, फक्त मग "एक रात्र, बांगडा किंवा सुरमईची थाळी, एक वाढ" इतकं नेमकं लिहावं लागतं. 'एक वाढ' हे शब्द गाळले तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

खोल्यांबाबत ज्येष्ठांच्या ग्रुपमध्ये एक अडचण हमखास येते, ती जोडीची. दर दोघांच्या खोलीवर काढलेला असतो. एकटे आलेले पुरुष पाच आणि एकट्या आलेल्या बायका सात असल्या तर दोन माणसं जोडीविना उरतात. त्यांनी तिघांत राहायचं की स्वतंत्र खोली घ्यायची? स्वतंत्र खोलीचा जादा दर आधीच लिहून ठेवा. या हिशोबात तीन रात्रींचे 3,600, त्यावर नफा धरून 4,100, करासह 4,305. तिसऱ्याची गादी जमिनीवर असते हेही लिहा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते रात्री दहा वाजता कळू नये. तळमजल्याच्या खोल्या "उपलब्धतेनुसार" देता येतील, तर तेवढंच म्हणा, हमी देऊ नका.

"इत्यादी", "वगैरे", "शक्यतो" हे शब्द दोन्ही याद्यांतून काढून टाका. समाविष्टमध्ये "प्रवेशशुल्क इत्यादी" लिहिलं की इत्यादीत काय ते ग्राहक ठरवतो. वगळलेल्यात "वैयक्तिक खर्च वगैरे" लिहिलं की तेही तोच ठरवतो. तुम्ही लिहिलंत म्हणून संदिग्धपणाची झळ तुम्हालाच बसते. वगळलेल्याच्या शेवटी एक सर्वसमावेशक ओळ मात्र हवी: "समाविष्ट या शीर्षकाखाली स्पष्ट लिहिलेलं नाही ते समाविष्ट नाही." ती ओळ एकटी पुरत नाही. बोट आणि मासळीसारख्या नेहमीच्या जागा नाव घेऊनच लिहायच्या, ही ओळ उरल्यासुरल्यासाठी.

या दोन याद्यांखाली मी एक तिसरी छोटी यादी देतो, ऐच्छिक गोष्टींची, दरासकट. स्वतंत्र खोली, किंवा देवबागची बोटफेरी ग्रुपने ठरवल्यास. ज्याचा दर तुम्हाला आज पक्का सांगता येतो तेच तिथे लिहा. वगळलेल्या यादीत दर घालू नका, नाहीतर ती यादी मेन्यूकार्डासारखी वाचली जाते आणि वगळलेलं म्हणजे नाही, हा अर्थच पुसट होतो.

सगळं एकत्र केलं की मजकूर साधारण असा होतो. हवा तसा बदलून घ्या.

```
कोटेशन क्र. 27/आवृत्ती 1        दिनांक: 16 नोव्हेंबर 2026
प्रवास: 18 ते 21 जानेवारी 2027 (3 रात्री / 4 दिवस)
पुणे – मालवण (2 रात्री) – गणपतीपुळे (1 रात्र) – पुणे

माणशी दर, दोघांची खोली, 5% जीएसटीसह
40 ते 43 पैसे भरणारे : 10,605 रु. (+ 1 व्यक्ती मोफत)
35 ते 39              : 10,920 रु.
30 ते 34              : 11,550 रु.
30 पेक्षा कमी          : नवीन कोटेशन
रकमेत राहण्याचा व प्रवासाचा खर्च धरलेला आहे.

मुदत: 25 नोव्हेंबर 2026, संध्या. 6 पर्यंत.
खोल्या तोपर्यंत रोखून ठेवल्या आहेत.
बुकिंग पक्कं: सहीचं कोटेशन + 1,00,000 रु. मुदतीत मिळाल्यावर.
अंतिम संख्या व उरलेली रक्कम: 28 डिसेंबर 2026.

समाविष्ट
- 45 सीट पुशबॅक नॉन-एसी बस, टोल, पार्किंग, ड्रायव्हर भत्ता
- दोघांच्या खोलीत 3 रात्री
- नाश्ता 4, दुपारचं जेवण 4, रात्रीचं जेवण 3 (शाकाहारी थाळी)
- मालवण जेटी ते सिंधुदुर्ग किल्ला बोट, जाऊन-येऊन
- कार्यक्रमात लिहिलेल्या ठिकाणांचं प्रवेशशुल्क
- टूर मॅनेजर

समाविष्ट नाही
- कार्यक्रमाबाहेर बस फिरवणे
- मासळी/मांसाहारी थाळीचा फरक
- इतर सर्व बोटफेऱ्या, वॉटर स्पोर्ट्स
- अभिषेक, पूजा, देणगी, कॅमेरा शुल्क
- औषधोपचार, विमा
- समाविष्टमध्ये स्पष्ट न लिहिलेलं काहीही

ऐच्छिक
- स्वतंत्र खोली: जादा 4,305 रु. (3 रात्री)
```

बसची ओळ पाहा. नॉन-एसी हा शब्द समाविष्टमध्येच आहे. बस, खोली, थाळी यांचा प्रकार त्या त्या ओळीत लिहायचा. एसी नाही हे फक्त वगळलेल्यात लिहिलं तर ते लपवल्यासारखं दिसतं, आणि जो माणूस पहिली यादी वाचून थांबतो त्याची फसगत होते. खोल्यांच्या ओळीतही एसी की नॉन-एसी ते घाला, नमुन्यात मी जागा सोडलीय कारण तुमची हॉटेलं मला माहीत नाहीत.

एका दिवसात एकूण किती किलोमीटर धरलेत ते बसवाल्याच्या कोटेशनमध्ये असतं. ते तुमच्या कोटेशनमध्ये ग्राहकाला आकड्याने दाखवायची गरज नाही, पण "कार्यक्रमाबाहेर बस फिरवणे" ही ओळ त्यासाठीच आहे. "जाता जाता कुणकेश्वरही करू" या प्रस्तावाला मग तुम्ही हसून जादा रक्कम सांगू शकता. घाट बंद असला, दुरुस्ती चालू असली, तर वळसा घालून जावं लागतं. तो खर्च मात्र मी ग्राहकावर टाकत नाही. रस्ता निवडणं हे आपलं काम आहे.

कर आणि डिझेलचं कलम लिहावं का? दोन महिन्यांच्या आतल्या सहलीला डिझेलचं कलम मी लिहीत नाही. तेवढी जोखीम नफ्यात धरलेली असते, आणि चाळीस जणांकडून माणशी वीस रुपये गोळा करण्यात जाणारी पत त्यापेक्षा महाग पडते. सहल सहा महिने पुढची असेल तर लिहा, पण "दर वाढल्यास भाडं वाढेल" असं मोघम नको. कोटेशनच्या दिवशीचा पुण्यातला डिझेलचा दर लिहा, किती रुपयांच्या पुढे वाढला तर आणि माणशी किती, तेही लिहा. कराचं कलम लिहाच, आणि ते दोन्ही बाजूंनी लिहा. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्री 7,500 रुपयांपर्यंतच्या हॉटेल खोल्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. त्या वेळी ज्यांच्या कोटेशनमध्ये फक्त "कर वाढल्यास जादा आकारणी" असं होतं त्यांना ग्राहकांनी विचारलं, कमी झाला तर? "सरकारी करात बदल झाल्यास फरक, वाढ वा घट, अंतिम बिलात" असं वाक्य पुरतं.

रद्दीकरणाचे नियम याच कागदावर घ्या, पण वेगळ्या शीर्षकाखाली. वगळलेल्या गोष्टींत मिसळू नका. ते काय असावेत हे तुमच्या हॉटेलांच्या नियमांवर अवलंबून आहे. हॉटेल तुम्हाला जेवढं परत देणार त्याहून जास्त परतावा तुम्ही ग्राहकाला कबूल करू नये, इतकंच पाहा.

आवृत्ती क्रमांकाला फार लोक कमी लेखतात. संघ हमखास दोनदा बदल मागतो: आधी एक रात्र कमी करा, मग परत वाढवा. प्रत्येक वेळी नवीन आवृत्ती, नवीन तारीख, नवीन मुदत, आणि पहिल्या ओळीत "ही आवृत्ती आधीच्या सर्व आवृत्त्यांच्या जागी आहे." पीडीएफ पाठवा, मेसेजमध्ये टाइप करून नको. मेसेजमधला दर कापून पुढे पाठवता येतो, पीडीएफमध्ये दराखाली मुदत चिकटलेली राहते. फाइलच्या नावातच आवृत्ती आणि मुदतीची तारीख घाला.

25 तारखेला पैसे आले नाहीत तर त्याच संध्याकाळी सहानंतर सेक्रेटरींना एक ओळ पाठवा: "आवृत्ती 1 ची मुदत संपली, खोल्या सोडत आहे, नवीन तारीख कळवल्यास नवीन दर काढून देतो." आणि खोल्या खरंच सोडा. समजा ते 28 ला पैसे घेऊन आले आणि हॉटेलने तोच दर दिला, तर तुम्हीही तोच दर द्या. फक्त आवृत्ती 2 म्हणून, नव्या मुदतीसह.